फोटोतला फळा मेळघाटचा नव्हता

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मदतीचं आवाहन आलं. मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेची भिंत पावसाने कोसळली, मुलं जखमी होऊन सरकारी दवाखान्यात आहेत, औषधांना पैसे नाहीत, असा मजकूर होता. खाली यूपीआयचा नंबर आणि दोन फोटो. दोन दिवसांत आमच्याकडून चाळीस हजारांच्या वर रक्कम गेली. त्यात पेन्शनवर जगणाऱ्यांचे पैसे होते, घरकाम करणाऱ्या ताईंनी दिलेले शंभर रुपयेही होते. ते फोटो मेळघाटचे नव्हतेच, भारतातलेही नव्हते. हेच फोटो दुसऱ्या गावाचं नाव लावून आणखी कुठे फिरत असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिल्या फोटोत एक वर्गखोली होती. भिंतीला मोठी भेग, अर्धं छप्पर खाली आलेलं, पण फळा जागेवर आणि त्यावर खडूने लिहिलेलं शाबूत. दुसऱ्या फोटोत वॉर्ड होता. लोखंडी खाट, पायाला प्लास्टर घातलेला मुलगा, शेजारी सलाईनचा स्टँड, मागे भिंतीवर एक सूचना. दोन्हीकडे भिंतीचा खालचा भाग हिरव्या ऑइल पेंटचा आणि वर फिका चुना. "अगदी आपल्या तालुक्याच्या दवाखान्यासारखं," असं दोघातिघांनी लिहिलंही. ते बरोबरच होतं, आणि फसवणारा त्याच्याच भरवशावर होता.

कारण हा रंग देश सांगत नाही. खांद्याच्या उंचीपर्यंत ऑइल पेंट लावतात तो धुता यावा म्हणून. हात, डोकी, खाटांच्या कडा भिंतीला घासतात, डाग पडतात, ते फडक्याने पुसता येतात. वरच्या भागाला स्वस्तातला रंग पुरतो. ही पद्धत भारतात आहे तशीच नेपाळमध्ये आहे, बांगलादेशात आहे. डोक्याकडची बाजू हँडल फिरवून उचलायची लोखंडी खाट या सगळ्या देशांत दिसते. गोल पिनांचा सॉकेटही भारतात आणि नेपाळमध्ये सारखाच. खाट आणि रंग पाहून फार तर "हे आपल्या भागातलं आहे, युरोपातलं नाही" एवढंच म्हणता येतं. त्यापुढचं सांगतं ते भिंतीवर आणि फळ्यावर लिहिलेलं.

आणि इथेच मराठी माणूस जास्त फसतो. लिपी देवनागरी दिसली की आपली नजर पुढे सरकते. अक्षरं मराठी वाटत नाहीत असं एकाने म्हटलं, तर लगेच उत्तर आलं की मेळघाट मध्य प्रदेशाला लागून आहे, तिथे हिंदी चालणारच. उत्तर पटण्यासारखं होतं.

शंका पहिल्यांदा घेतली ती आमच्याकडच्या एका निवृत्त शिक्षिकेने. बाईंची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली. त्या म्हणाल्या, "आपल्या फळ्यावर वर वार, दिनांक, इयत्ता, पट, हजर असं असतं, एका कोपऱ्यात सुविचार असतो. इथे पटही नाही आणि सुविचारही नाही. भिंतीवर तंबाखूमुक्त शाळाही कुठे दिसत नाही." एखाद्या वर्गात हे नसूही शकतं, त्यामुळे एवढ्याने काही सिद्ध होत नाही, हेही त्याच म्हणाल्या. पण त्यांनी फोटो मोठा करून फळ्याचा वरचा कोपरा दाखवला. तिथे "मिति" असा शब्द होता, पुढे २०७२।१।११, आणि खाली "शुक्रबार". ग्रुपवर आलेल्या फोटोत हा कोपरा अर्धवट कापलेला होता, त्यात फक्त १।११ दिसायचं आणि कोणीही ती तारीख समजून सोडून द्यायचं. बाईंनी इंटरनेटवर फोटो शोधून त्याची न कापलेली प्रत मिळवली होती.

आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात काम करणारा एक मुलगा नेपाळमधल्या सिंधुपाल्चोक जिल्ह्याचा आहे. त्याला फोटो दाखवला. त्याने क्षणभर पाहिलं आणि म्हणाला, "दीदी, हा भूकंपाचा आहे."

त्याने जे सांगितलं ते नंतर आम्ही कॅलेंडरवर ताडून पाहिलं. नेपाळमध्ये सरकारी कामात आणि शाळेत विक्रम संवत चालतो आणि तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस. एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर त्या वर्षातून 57 वजा करायचे, जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतची असेल तर 56. म्हणजे 2072 सालच्या पहिल्या महिन्याची, वैशाखाची, 11 तारीख म्हणजे 24 एप्रिल 2015, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी, शनिवारी 25 एप्रिलला, दुपारी बाराच्या सुमारास 7.8 तीव्रतेच्या आसपासचा तो मोठा भूकंप झाला. नेपाळमध्ये शाळांना सुट्टी शनिवारी असायची. हजारो वर्गखोल्या पडल्या तेव्हा त्या रिकाम्या होत्या. फळ्यावर शुक्रवारची तारीख तशीच राहिली ती त्यामुळे. सिंधुपाल्चोक हा सर्वाधिक हानी झालेल्या जिल्ह्यांपैकी एक. त्या मुलाच्या स्वतःच्या शाळेचंही तसंच झालं होतं. त्या लेकरांचं दुःख कुणीतरी आमच्याकडून पैसे उकळायला वापरलं, याचा राग अजून जात नाही.

वॉर्डमधली सूचना त्याने सहज वाचून दाखवली: "बिरामीको बेडमा नबस्नुहोस्." रुग्णाच्या खाटेवर बसू नका. आपल्या दवाखान्यात "रुग्ण" असतो, हिंदी पट्ट्यात "मरीज" किंवा "रोगी". "बिरामी" आणि शेवटी "नुहोस्" दिसलं की पाटी नेपाळी समजायला हरकत नाही. उलट "अस्पताल", "कक्षा", "शौचालय" हे शब्द हिंदीतही आहेत, त्यांच्यावर विसंबू नका. "ळ" हे अक्षर दिसलं तर पाटी मराठी असण्याची शक्यता वाढते, पण छोट्या पाटीत ते नसलं म्हणून ती परकी ठरत नाही.

फोन नंबरांचंही तसंच. वॉर्डच्या दाराजवळ 1098 लिहिलेलं होतं, आणि "चाइल्डलाइनचा नंबर आहे, म्हणजे भारतच" असं ग्रुपवर ठामपणे सांगितलं गेलं. पण मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर भारतात आहे, नेपाळमध्ये आहे आणि बांगलादेशातही आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी दवाखान्यात 108 रुग्णवाहिकेचा नंबर आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा फलक जास्त उपयोगी खूण आहे.

आता आमच्याकडे शाळेसाठी मदत मागणारा मेसेज आला की बाई दोन गोष्टी मागतात. एक, पाट्या दिसतील असा न कापलेला फोटो. दोन, शाळेचा युडायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला सरकारने दिलेला ओळख क्रमांक. तो अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळेचा 27 ने सुरू होतो. क्रमांक मिळाला तरी तो कुणीही वेबसाइटवरून उचलू शकतो, म्हणून त्या तालुक्याच्या पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे फोन करून घटना खरी आहे का ते विचारतात, आणि पैसे थेट मुख्याध्यापकांशी बोलूनच पाठवतात. आमच्या वेळी पैसे मागणाऱ्याला युडायस विचारला तेव्हा त्याने आधी "नेटवर्क नाही" म्हटलं आणि मग नंबर ब्लॉक केला.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करून आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. त्यात प्रत्येकाच्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर लागला आणि तो गोळा करण्यातच वेळ गेला. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवता येतात. आम्ही पोचलो तेव्हा खात्यात थोडीच रक्कम उरली होती, ती गोठवली आहे. बाकीची पुढे गेली. तुमच्याकडे हिरव्या भिंतीचा आणि तडकलेल्या फळ्याचा हा फोटो आला असेल, आणि पैसे गेले असतील, तर आज रात्रीच 1930 ला फोन लावा.