रेषा कोणती घ्यायची: उभं अंतर, त्याचा वर्ग की लंब अंतर?

आलेखावरच्या बिंदूंच्या जवळून जाणारी एक सरळ रेषा काढायची, तर बिंदू रेषेपासून किती दूर हे कसं मोजायचं: सरळ वर-खाली, म्हणजे उभं अंतर, त्या अंतराचा वर्ग, की रेषेला काटकोनात, म्हणजे लंब अंतर? प्रॅक्टिकलमधली स्प्रिंग घ्या. 100, 200, 300, 400, 500 ग्रॅमची वजनं टांगली आणि लांबीतली वाढ नोंदली: 2, 4, 6, 8 आणि 15 सेंटिमीटर. शेवटच्या आकड्याच्या जागी 10 यायला हवे होते, हे नजरेलाच कळतं.

आता x म्हणजे शंभर ग्रॅममधलं वजन आणि y म्हणजे वाढ. उभ्या अंतरांची नुसती बेरीज कमीत कमी करायची तर y = 2x ही रेषा मिळते. ती चार बिंदूंतून जाते, पाचवा 5 सेंमी दूर राहतो, बेरीज 5. वर्गांची बेरीज कमीत कमी करायची तर मिळते y = 3x − 2. नुसत्या अंतरांची बेरीज इथे 6 होते, पण वर्गांची 25 वरून 10 वर येते. एका चुकीच्या वाचनाने चढ 2 चा 3 झाला, आणि ही वर्गांची खरी किंमत आहे.

मग वर्ग का? आधी हिशेब पाहा. वर्गांची बेरीज हे गुळगुळीत फलन आहे. विकलज शून्य ठेवलं की दोन साधी एकघाती समीकरणं मिळतात आणि (x सगळीकडे सारखाच नसेल तर) उत्तर एकच येतं. इथे त्यांतून चढ 3 मिळतो. नुसत्या अंतरांना असं सूत्र नाही आणि कधीकधी उत्तरही एक नसतं. एकाच वजनाला दोन वाचनं 6 आणि 8 आली, तर मधली कुठलीही किंमत अंतरांची तीच बेरीज देते. वर्ग मात्र 7 वरच थांबतात. फ्रेंच गणिती लजांद्रने 1805 मध्ये ही पद्धत छापली. जर्मन गणिती गाऊसने 1809 मध्ये तिचा संबंध चुकांच्या घंटाकृती वक्राशी जोडला: चुका तशा असतील तर सर्वात संभाव्य रेषा हीच.

लंब अंतर दिसायला सर्वात न्याय्य वाटतं, पण ते ग्रॅम आणि सेंटिमीटर एकत्र मिसळतं. याच आकड्यांत y मीटरमध्ये घेतला तर चढ (सेंमीत बदलून) 3.00 येतो, सेंटिमीटरमध्ये 3.30, मिलिमीटरमध्ये 3.33. स्प्रिंग तीच, फक्त पट्टी बदलली! उभ्या अंतरांचं उत्तर एकक बदललं तरी तेच राहतं. शिवाय इथे वजनं आपणच टांगली आहेत, चूक आहे ती वाचनात, म्हणजे उभ्या दिशेने. वजनावरून वाढ सांगायची असेल, तर मोजायची चूकही उभीच.

म्हणून माझं मत असं: x खात्रीचा आणि चुका लहान असतील तर वर्ग. पण आधी उरलेले फरक, म्हणजे वाचन वजा रेषेवरची किंमत, पाहा. इथे ते 1, 0, −1, −2, 2 आहेत. सलग उतरून एकदम उसळी मारली, म्हणजे शेवटचं वाचन पुन्हा घ्या. ते शक्य नसेल तर नुसती अंतरं वापरा. लंब अंतर ठेवा दोन्ही आकडे मोजलेले असतील तेव्हासाठी, उदाहरणार्थ दोन ग्लुकोमीटरची वाचनं ताडून पाहताना, आणि तेव्हाही दोन्हींच्या चुकांचं प्रमाण आधी माहीत करून घ्या.