जुन्या डेस्कटॉपची डिस्क शेवटच्या घटका मोजतेय: नवी हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी?

दुसऱ्या पिढीचा आयथ्री, एच६१ बोर्ड, ५०० जीबीची हार्ड डिस्क. अशी पेटी अजून बऱ्याच घरांत चालू आहे आणि डिस्क सोडली तर तिला काही झालेलं नसतं. आमच्याकडे अशा दोन आहेत, एक घरी वडिलांच्या सोसायटीच्या हिशेबांसाठी आणि दुसरी भावाच्या दुकानात. दोन्हींच्या डिस्क मागेपुढे कुरकुरू लागल्या. दुकानात आम्ही नवी हार्ड डिस्क बसवली आणि घरी एसएसडी, त्यामुळे तुलना आपोआपच झाली.

पण खरेदीआधी डिस्क खरंच मरायला टेकली आहे का, ते बघा. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये पिवळं Caution दिसलं की लोक घाबरतात, उलट त्याच कामाच्या smartctl या आज्ञेत PASSED वाचलं की निर्धास्त होतात. दोन्ही शब्दांवर फार विसंबू नये. PASSED चा अर्थ इतकाच की कंपनीने स्वतः ठरवलेली मर्यादा अजून ओलांडलेली नाही, आणि ती मर्यादा बरीच सैल असते. पाहायचे ते कच्चे आकडे, तेही मोजक्या ओळींचे. 05 म्हणजे खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर, C5 म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले, आणि C6 म्हणजे डिस्कने स्वतः तपासूनही न सुधारलेले. smartctl हेच 5, 197 आणि 198 असे दाखवतं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये कच्चे आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावर असतात, म्हणजे तिथला 10 हा खरा १६ असतो. Function मधल्या Advanced Feature मध्ये Raw Values हे 10 [DEC] वर आणलं की गोंधळ संपतो.

घरच्या डिस्कवर 05 मध्ये २४ आणि C5 मध्ये १६ होते. आकडे आठच्या पटीत वाढताना दिसले तर नवल नाही, कारण अलीकडच्या डिस्कवर प्रत्यक्षात एक ४०९६ बाइटचा सेक्टर बिघडतो आणि तो ५१२ बाइटचे आठ म्हणून मोजला जातो. एकदाचा आकडा फारसं काही सांगत नाही. आठवड्याने पुन्हा बघा. C5 कधीकधी त्या जागी नवं काही लिहिलं गेलं की शून्यावर येतो. पण 05 चढत असेल तर पत्रा खराब होत चालला आहे. आणि फक्त C7, म्हणजे केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका, वाढत असेल तर आधी साटा केबल बदला. तो जुना आकडा पुसला जात नाही, पुढे वाढायचा मात्र थांबतो. अशा वेळी डिस्क बदलली तर पैसे वाया.

आता निवड. हार्ड डिस्कच्या बाजूने बोलायचं तर दोन मुद्दे खरे आहेत. मोठी जागा स्वस्तात मिळते आणि डिस्क बहुधा सांगून मरते. आवाज येतो, आकडे चढतात, हातात काही दिवस मिळतात. एसएसडी एखाद्या सकाळी बायोसमध्ये दिसेनाशीच होते, आणि मग डेटा परत मिळवणं हार्ड डिस्कपेक्षा बरंच अवघड. लग्नाचे व्हिडिओ कपाटात ठेवायचे असतील तर मीसुद्धा हार्ड डिस्कच घेईन.

माझं मन पालटलं ते एका फालतू वाटणाऱ्या त्रासाने. दुकानातली नवी हार्ड डिस्क निरोगी आहे, सगळे आकडे शून्य. तरी विंडोज १० चालू झालं की टास्क मॅनेजरमध्ये Disk 100% लागतं आणि बराच वेळ हटत नाही. मागे अपडेट, अँटिव्हायरस, इंडेक्सिंग एकदम धावतात आणि बिचारा हेड एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पळत राहतो. भाऊ एक्सेलवर डबल क्लिक करतो, काही होत नाही, म्हणून पुन्हा करतो, मग पुन्हा. गिऱ्हाईक समोर उभं असताना तीन फायली एकदम उघडतात आणि तिसरी ‘रीड ओन्ली’ म्हणते. थोडक्यात, नवे पैसे घालून जुनाच वैताग विकत घेतला. घरी एसएसडी आल्यापासून वडिलांनी वाट पाहून पुन्हा डबल क्लिक केलेलं मी एकदाही पाहिलं नाही. स्टॉपवॉच लावलेलं नाही, पण मला हे मोजमाप पुरेसं वाटतं.

‘एच६१ वर साटा २ आहे, एसएसडी वाया जाईल’ हे ऐकायला मिळेल. मोठी फाइल कॉपी करताना वेग अर्धा होतो हे खरं. पण रोजच्या कामात डिस्क इथून थोडं, तिथून थोडं असं वाचते आणि फायदा तिथेच आहे. तो साटा २ वरही जवळजवळ पूर्ण मिळतो.

क्लोन करावा, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवावी, की विंडोज नव्याने टाकावं? जमत असेल तर नव्यानेच. आमच्याकडे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर होतं आणि त्याची सीडी केव्हाच हरवलेली, म्हणून क्लोन. इथे आकारात गल्लत होते. ४८० जीबीची एसएसडी ५०० च्या डिस्कपेक्षा खरंच लहान असते आणि मरणाऱ्या डिस्कवर पार्टिशन आक्रसायला लावणं म्हणजे आजाऱ्याला जिने चढवणं. ५०० लिहिलेलीच घ्या, शक्यतो तिचेही सेक्टर ९७,६७,७३,१६८ असल्याची खात्री करून.

नेहमीची क्लोनिंगची साधनं खराब सेक्टरवर अडकतात किंवा काम सोडून देतात. सिस्टमरेस्क्यू या दुरुस्तीच्या लिनक्सचा पेनड्राइव्ह करून त्यावरून यंत्र चालू करा आणि त्यातलं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी सोपा भाग उचलतं आणि खराब जागांकडे शेवटी वळतं. एसएसडी थेट साटा पोर्टला जोडा, कारण या बोर्डावरच्या यूएसबी २ मधून ५०० जीबी जायला चार-पाच तास सहज लागतात आणि तेवढा वेळ जुनी डिस्क तग धरेलच असं नाही.

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL
ddrescue -f -n /dev/sda /dev/sdb /mnt/clone.map
ddrescue -f -d -r3 /dev/sda /dev/sdb /mnt/clone.map
```

आधी जुनी, मग नवी. पहिल्या ओळीत मॉडेल वाचून sda कोणती आणि sdb कोणती हे पक्कं केल्याशिवाय एंटर दाबू नका, कारण -f पुन्हा विचारत नाही. clone.map ही नोंदवही तिसऱ्या ठिकाणी हवी. /mnt वर दुसरा पेनड्राइव्ह आधी माउंट करून ठेवा. मध्येच वीज गेली तर तो पेनड्राइव्ह पुन्हा /mnt वर माउंट करून, sda आणि sdb पुन्हा तपासून तीच आज्ञा दिली की काम जिथे थांबलं तिथून पुढे जातं.

संपल्यावर जुनी डिस्क काढून मगच विंडोज चालू करा. दोन्ही जोडलेल्या असतील तर एकच ओळख असलेल्या दोन डिस्क पाहून विंडोज त्यातली एक बाजूला टाकतं. बायोसमध्ये साटाची पद्धत IDE असेल तर पहिल्यांदा तसंच राहू द्या. क्लोन चालतोय हे दिसल्याशिवाय ती बदलून AHCI ही नवी पद्धत लावली तर निळा पडदा येतो आणि दोष क्लोनचा की सेटिंगचा ते कळत नाही. मग `chkdsk C: /f`. आमचे १६ सेक्टर वाचले नाहीतच असं धरलं तरी नुकसान ८ केबीचं. ते कुठल्या फायलीत पडलंय हे कळायला मात्र वेळ लागतो, म्हणून जुनी डिस्क वर्षअखेरीचे हिशेब जुळेपर्यंत तशीच बाजूला ठेवली आहे.

विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. त्यामुळे या पेटीत किती पैसे घालायचे हा प्रश्न उरतोच. पण हार्ड डिस्कचे पैसे इथेच अडकतील, एसएसडी उद्या पुढच्या यंत्रातही बसेल. भावाला मी काही म्हणत नाही, फक्त त्याची पुढची दुरुस्ती माझ्याकडे आली तर काय बसवायचं ते ठरलेलं आहे.