एक 'आठवणे' आणि इंग्रजीतले सात शब्द

माझ्या मावशीने लहानपणच्या मे महिन्याच्या सुट्टीवर एक पान लिहिलं आहे. तिचा नातू अमेरिकेत वाढतो, त्याला मराठी कळतं पण वाचता येत नाही, म्हणून ते पान इंग्रजीत हवं होतं. कच्चं भाषांतर तिनेच केलं आणि तपासायला माझ्याकडे दिलं. त्या एका पानात 'रिमेंबर' नऊ वेळा आला होता. मूळ मराठीत 'आठवणे' आणि 'आठवण' इतक्याच वेळा होते आणि तिथे ते मुळीच खटकत नव्हते. मराठीत एकच क्रियापद विभक्ती आणि सोबतचं क्रियापद बदलून वेगवेगळी कामं करतं. इंग्रजीत त्या प्रत्येक कामाला निराळा शब्द लागतो. ज्यांना असंच काही लिहायचं आहे त्यांना कुठे कोणता शब्द घ्यावा हे ठरवता यावं, म्हणून तिच्याच पानावरून सांगते.

आधी तिचा उतारा, थोडा कापून:

'सुट्टी लागली की मामा आम्हाला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने विजयदुर्गला घेऊन जायचा. आई मुंबईलाच राहायची. बोटीतून पडावात उतरताना मामाने मला घट्ट धरलं होतं, ते आठवतं. बोटीचं नाव मात्र काही केल्या आठवत नाही. त्या वर्षी घरात कोणकोण होतं ते आठवून आठवून लिहिते आहे. दुपारी माजघरात आजी आणि माम्या जुन्या आठवणी काढत बसायच्या. संध्याकाळी दिवेलागणीला आईची फार आठवण यायची. पुढे तीस वर्षांनी गेले तेव्हा विहिरीजवळचा रामफळ ओळखला, घर ओळखू आलं नाही. आंब्याच्या अढीचा वास आला की अजून आजी आठवते.'

पडावातल्या वाक्याला 'रिमेंबर'च हवा. 'मला आठवतं' यात 'मी' कर्ता नाही, आठवण आपण होऊन मला येते. इंग्रजीत कर्ता 'आय' होतो, पण अर्थ तोच राहतो: ती गोष्ट मनात आहे, ती आणायला कष्ट पडत नाहीत. म्हणून 'रिमेंबर' ही कृती नसून स्थिती आहे, आणि म्हणूनच त्याला सहसा 'इंग' लावून चालू काळ करत नाहीत. मावशीने 'आठवत आहे' याचं 'आय अ‍ॅम रिमेंबरिंग' केलं होतं. मराठी माणसाच्या इंग्रजीत ही चूक सर्रास दिसते. दुसरा खड्डा त्यापुढच्या क्रियापदात आहे. धरल्याचं, गेल्याचं, खाल्ल्याचं आठवतं तेव्हा 'रिमेंबर गोइंग' असं रूप येतं. 'रिमेंबर टु गो' म्हटलं की अर्थ होतो 'जायचं लक्षात ठेव'. आठवणींच्या लेखनात पहिलं रूपच जवळजवळ नेहमी लागतं.

बोटीच्या नावाला 'रिकॉल'. यात हाक मारून बोलावणं आहे: एखादा नेमका तपशील, नाव, तारीख, आकडा मुद्दाम मनातून बाहेर काढायचा. 'काही केल्या आठवत नाही' यातलं 'काही केल्या' म्हणजे तो प्रयत्नच, त्यामुळे नकारार्थी वाक्यात हा शब्द चपखल बसतो. मात्र त्याला थोडा कचेरीचा वास आहे. साक्षीदार उलटतपासणीत 'आय डू नॉट रिकॉल' म्हणतो, कंपनी बिघडलेल्या गाड्या परत मागवते तेही 'रिकॉल'च. त्यामुळे पानभर 'आय रिकॉल' लिहिलं की आजोळच्या आठवणीचा जबाब होतो. मी तो एकदाच ठेवला. आणि त्याच्यामागे 'टु गो' कधीच येत नाही, 'रिकॉल गोइंग' एवढंच चालतं.

'रिकलेक्ट' आणि 'रिकॉल' यांत लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, आणि शब्दकोशही दोन्हींना 'आठवणे' एवढाच अर्थ देऊन मोकळे होतात. फरक असा मानावा: 'रिकॉल'ने एक गोष्ट येते, 'रिकलेक्ट'ने तुकडे गोळा होतात. लॅटिनमधला मूळ अर्थही पुन्हा गोळा करणे हाच आहे. 'कोणकोण होतं ते आठवून आठवून' हे त्याचं खास उदाहरण. मावशीने एकेक माणूस उभा केला तो असा: धाकटी मामी होती, कारण तिचं बाळ पाळण्यात होतं, पाळणा ओटीवर टांगलेला होता, म्हणजे मधल्या मामाचं लग्न व्हायचं होतं, कारण लग्नानंतर ती जागा कोचाने घेतली. एका धाग्याने दुसरा ओढला जातो, सावकाश. आपल्याकडच्या इंग्रजीत 'इफ आय रिकलेक्ट करेक्टली' इतकं वापरलं जातं की हा शब्द साधा वाटतो. तिकडच्या आजच्या वाचकाला तो जरा जुना आणि औपचारिक लागतो. क्रियापदापेक्षा 'रिकलेक्शन' हे नाम जास्त सहज वाटतं. मी सुचवलं की इथे सरळ लिहावं, 'कोण होतं ते जुळवत बसले आहे'. तिने ऐकलं नाही, 'रिकलेक्ट' ठेवला. शब्द चूक नाही, म्हणून मीही सोडून दिलं.

'रेमिनिस'चा निर्णय सोपा आहे. माजघरातल्या बायका करतात ते 'रेमिनिस'. आठवणी काढणं, त्यांत रमणं, बहुतेकदा कुणाशी तरी बोलता बोलता आणि गोडीने. या शब्दाला थेट कर्म चालत नाही, मध्ये 'अबाउट' घालावा लागतो. 'आय रेमिनिस माय चाइल्डहुड' हे वाक्य म्हणूनच मोडकं आहे. आणि ज्या आठवणीत रमता येत नाही तिच्यासाठी तो वापरू नये. उताऱ्यात नसलेलं एक वाक्य मावशीच्या वहीत आहे, त्याच सुट्टीत आजीची गाय विहिरीत पडल्याचं. तिथे तिने 'रेमिनिस' लिहिलं होतं, ते बदलून 'रिमेंबर' केलं.

'रेकग्नाइझ' या गटातला असूनही वेगळा आहे. तो वापरायचा तर वस्तू समोर हवी. रामफळ समोर होता, म्हणून ओळखला. घरही समोर होतं, पण कौलं जाऊन स्लॅब पडला होता आणि पडवी भिंतीत गेली होती. मावशीने 'घर आठवलं नाही' या अर्थाचं वाक्य केलं होतं. ते तर उलटंच झालं, कारण घर तिला खडान्‌खडा आठवत होतं आणि म्हणूनच समोरचं घर ओळखू येईना. आठवणं आणि ओळखणं या मनाच्या दोन निराळ्या क्षमता आहेत. अमेरिकेत 1975 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्रज्ञ बाहरिक आणि सहकाऱ्यांनी 17 ते 74 वयाच्या 392 जणांना त्यांच्या शाळेतल्या वर्गमित्रांबद्दल विचारलं. शाळा सोडून 15 वर्षं झालेल्यांनी फोटोंतले चेहरे सुमारे 90 टक्के बरोबर ओळखले, पण काही न दाखवता नावं आठवायला सांगितली तेव्हा प्रमाण त्याहून खूपच कमी भरलं. 48 वर्षांनंतर तर नावं आठवण्याचं प्रमाण आणखी घटलं. आठवणी लिहिणाऱ्याला याचा रोजचा उपयोग आहे. जे आठवत नाही त्याचा जुना फोटो समोर ठेवावा, आणि मग लिहिताना प्रामाणिक राहावं: फोटो बघून कळलं ते 'रेकग्नाइझ', फोटोशिवाय मनात होतं ते 'रिमेंबर'. मावशीने एका मामेभावाला फोटोत ओळखलं आणि भाषांतरात मात्र 'आय रिमेंबर हिम' लिहिलं. विचारलं तर म्हणाली, 'अगं, फोटो बघेपर्यंत तो होता हेच माझ्या लक्षात नव्हतं.' मग तो तिथे 'रिमेंबर' कसा चालेल?

अढीच्या वासाचं वाक्य मराठीत केवढं मोकळं आहे: वास आला की आजी आठवते. इंग्रजीत आठवण करून देणारा कर्ता होतो आणि क्रियापद 'रिमाइंड' येतं, पुढे 'ऑफ' घेऊन. 'द स्मेल रिमेंबर्स मी' असं अनवधानाने लिहिलं जातं, त्याचा अर्थ वासाला मी आठवते असा होतो. मात्र 'वास आजीची आठवण करून देतो' हे त्याचं सरळ रूप मला या जागी फार कोरडं वाटलं. अढी म्हणजे गवतात पिकत घातलेले आंबे, अंधारी खोली, आणि कोणता काढायचा ते बोटाने दाबून बघणारी आजी. वासापाठोपाठ ती येते. मी तिथे क्रियापदच काढून टाकायला सांगितलं: अढीचा वास, आणि आजी दारात उभी. आठवणींच्या लेखनात 'आठवतं' हे दर वाक्याला सांगावं लागत नाही. पहिल्या परिच्छेदात एकदा सांगितलं की पुढे वाचक ते धरूनच चालतो. 'जायचो', 'बसायच्या' या नेहमीच्या गोष्टींना इंग्रजीत 'वुड' किंवा 'यूस्ड टु' पुरतं. एवढ्याने तिच्या नऊपैकी तीन 'रिमेंबर' गेले.

सगळ्यात जास्त वेळ गेला दिवेलागणीच्या वाक्यावर. 'आईची फार आठवण यायची.' भाषांतरात होतं, 'आय रिमेंबर्ड माय मदर अ लॉट'. व्याकरणाची चूक नाही, म्हणून तपासणाऱ्याच्या हातून हे निसटतं. पण इंग्रजी वाचकाला त्यातून एवढंच कळतं की मुलीच्या मनात आई अधूनमधून येत होती, जणू मधल्या वेळात ती विसरली होती. मराठीत 'आठवतं' आणि 'आठवण येते' यांत केवढं अंतर आहे! 'मला आई आठवते' हे स्मृतीबद्दल आहे. 'आईची आठवण येते' हे आई जवळ नसल्याबद्दल आहे, त्यात पोटात पडणारा खड्डा आहे. त्याला इंग्रजीत शब्द 'मिस'. 'आठवण' हा शब्द दिसतो म्हणून हात 'रिमेंबर'कडे जातो, आणि वाक्यातलं दुःखच गळून पडतं. याच्या जवळचे आणखी दोन प्रयोग सांभाळावेत. 'आजी तुझी आठवण काढत होती' म्हणजे तुझ्याबद्दल बोलत होती, तिथे 'रेमिनिस' नाही. आणि पत्राच्या शेवटी 'मामाला माझी आठवण सांग' असतं, तिथे मात्र इंग्रजीतही 'रिमेंबर मी टु' असा जुना, सुंदर प्रयोग आहे.

मी मावशीला हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, 'मिस तर आमचा नातू पिझ्झालाही म्हणतो. सहा वर्षांच्या पोरीला आई हवी असते, त्याला तोच शब्द?' तिचं म्हणणं मला पटलं. 'मिस' बरोबर आहे, पण रोजच्या वापराने हलका झाला आहे. मग आम्ही शब्द शोधणं सोडून त्या वेळी काय घडायचं ते लिहिलं: कंदील लावला की मी पायरीवर जाऊन बसायची, आणि आजी कुणालाही मला आत बोलवू द्यायची नाही. त्यापुढे 'आय मिस्ड माय मदर' एवढंच तीनचार शब्दांचं वाक्य, 'फार' काढून.