क्ले मास्क आणि शीट मास्क: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

माझे कपाळ, नाक आणि हनुवटी दुपारपर्यंत तेलकट होतात, तर गाल मात्र थंडीत कोरडे पडतात. अशा मिश्र त्वचेसाठी गेल्या पावसाळ्यापासून या उन्हाळ्यापर्यंत मी दोन प्रकारचे मास्क सातत्याने वापरले. एक केओलिनचा तयार ट्यूबमधला क्ले मास्क, ज्याच्या जागी अधूनमधून काष्ठौषधींच्या दुकानातली मुलतानी माती असे, आणि दुसरा हायल्युरॉनिक अॅसिड व ग्लिसरीन असलेला, सुगंध नसलेला कापडी शीट मास्क. कोणता ब्रँड चांगला हे सांगण्यासाठी मी लिहीत नाही, कारण इतक्या महिन्यांच्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की मास्कच्या घटकांइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, फरक तो किती वेळा आणि किती वेळ लावला यावरून पडतो.

आधी क्लेविषयी. माती तेल शोषते, यात शंका नाही. धुतल्यानंतर नाकावरचा चिकटपणा गेलेला हाताला लगेच कळतो. मात्र ती शोषते ते त्वचेच्या पृष्ठभागावर आलेले तेल. तेल तयार करणाऱ्या ग्रंथी आत खोलवर असतात, त्यांचे काम मुख्यतः संप्रेरकांच्या ताब्यात असते, आणि वरून मातीचा लेप दिल्याने त्या काही मंदावत नाहीत. त्यामुळे सकाळी मास्क लावला तरी संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी कपाळ पुन्हा पूर्वीसारखे चमकू लागते. ही गोष्ट नीट लक्षात घेतली की आठवड्यातून चार वेळा माती लावल्याने तेल ‘कायमचे’ कमी होईल, ही अपेक्षाच उरत नाही. नाकावरच्या करड्या ठिपक्यांचेही तेच आहे. मास्क वाळताना त्यावर जे गडद ठिपके उमटतात, ते रंध्रांतून वर आलेले तेल असते आणि ते पाहून समाधान वाटते हे खरे. परंतु त्या रंध्रांत तेल असणे स्वाभाविक आहे आणि ती पुन्हा भरतातच. बहुतेक लोक मास्कचा अतिरेक करतात तो या ठिपक्यांच्या मागे लागून, असे माझे निरीक्षण आहे.

लावण्याची रीत मी सविस्तर सांगते, कारण किती वेळा लावता येईल हे बरेचसे तिच्यावर अवलंबून असते. मुलतानी माती असेल तर दोन चहाचे चमचे पूड थोड्या थोड्या पाण्यात कालवून दह्याइतकी घट्ट करावी. तीत लिंबू पिळण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडून द्यावी, कारण लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो आणि तो त्वचेला झोंबतो. कालवलेली माती उरली तर टाकून द्यावी, कारण तीत टिकवणारे काहीही नसते. लेप त्वचा झाकली जाईल इतकाच द्यावा आणि मिश्र त्वचा असेल तर तो कपाळ, नाक व हनुवटीपुरताच ठेवावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो पूर्ण वाळू देऊ नये. ओली माती तेल शोषत असते तेव्हा गारवा जाणवतो. मग कडा फिकट होऊ लागतात, त्वचा हलकी ताणली जाते, आणि याच टप्प्यावर, म्हणजे साधारण आठ ते दहा मिनिटांत, लेप धुवायचा असतो. त्यापुढे बोलताना भेगा पडतील इतका तो वाळला, तर मातीला तेलाऐवजी त्वचेतले पाणी मिळू लागते. नाकाच्या बाजूंना थर पातळ बसतो आणि तिथे तो सर्वांत आधी वाळतो, म्हणून मी घड्याळापेक्षा नाकाकडेच पाहते. धुताना खरवडू नये. ओला पंचा चेहऱ्यावर धरून माती मऊ करावी, कोमट पाण्याने काढावी आणि त्वचा अजून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे.

या रीतीने पावसाळ्यात, हवा दमट असताना, आठवड्यातून दोनदा केओलिन मला व्यवस्थित मानवले. डिसेंबरच्या कोरड्या हवेत मात्र तोच क्रम जास्त झाला, तेव्हा तो मी दहा-बारा दिवसांतून एकदा असा केला. कोरड्या त्वचेच्या माणसाने तर मातीचा मास्क पंधरा दिवसांतून एकदाच लावावा किंवा अजिबातच लावू नये. मुलतानी माती आणि बेन्टोनाइट यांचा शोष केओलिनपेक्षा जास्त असतो. शिवाय बेन्टोनाइट पाण्यात कालवल्यावर अल्कधर्मी असते, तर त्वचेचा पृष्ठभाग सौम्य आम्लधर्मी असतो. म्हणून या दोन मात्यांसाठी तेलकट त्वचेवरही आठवड्यातून एकदा हीच माझी मर्यादा राहिली.

शीट मास्कचे गणित वेगळे आहे. कोरियन सौंदर्यप्रसाधनांच्या चाहत्यांमध्ये रोज एक मास्क लावण्याची कल्पना बरीच गाजली, आणि साध्या पाणी-ग्लिसरीनच्या मास्कने ती काही जणींना निभावतेही. मला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, एवढेच पुरले. वरून कापड असल्यामुळे द्रव उडून जात नाही आणि त्वचेचा वरचा थर पाणी पिऊन टपोरा दिसतो, पण हा टवटवीतपणा काही तासांचाच असतो आणि वरून मॉइश्चरायझर न लावल्यास तेवढाही टिकत नाही. पंधरा ते वीस मिनिटांनी, कापड अजून ओले असतानाच ते काढावे. मास्क लावून झोपणे हा शुद्ध तोट्याचा व्यवहार आहे, कारण वाळलेले कापड त्वचेतला ओलावा ओढू लागते. पाकिटात उरलेला द्रव त्याच वेळी मानेला व हातांना लावून संपवावा. तो फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर पुरवण्याची काटकसर मला पटत नाही, कारण उघडलेल्या पाकिटात जंतू वाढू शकतात. आणि ज्या पाकिटावर व्हिटॅमिन सी, ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक अॅसिड असे घटक दिसतात, तो मास्क ‘ओलावा देणारा’ समजून वारंवार वापरू नये. झाकलेल्या त्वचेत असे घटक अधिक शिरतात.

अतिरेक कसा दिसतो, हे मला माझ्या भाचीच्या चेहऱ्यावर नीट पाहायला मिळाले. तिच्या मुरुमांसाठी डॉक्टरांनी रात्री लावायला अॅडापलिनचे जेल दिले होते, चेहरा धुण्याचा फेसवॉश सॅलिसिलिक अॅसिडचा होता, आणि त्यावर तिने एक दिवसाआड मुलतानी माती व मधल्या दिवशी शीट मास्क असा क्रम सुरू केला. पहिले दोन आठवडे चेहरा अगदी काचेसारखा चकचकीत दिसत होता आणि ती खूष होती. वास्तविक ती चमक हेच पहिले लक्षण होते. निरोगी त्वचेची चमक मऊ असते. ही चमक ताणलेली होती आणि हसताना गालावर बारीक रेषा उमटत. पुढे चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखे वाटणे अर्धा तास उलटला तरी जाईना, नाकाच्या कडांना आणि ओठांच्या कोपऱ्यांपाशी पापुद्रे निघू लागले, आणि गंमत अशी की दुपारी त्याच पापुद्र्यांवर तेलही दिसे. तेल दिसते म्हणून ती आणखी माती लावी. शेवटी एका रात्री ती म्हणाली, “मावशी, रोजचंच क्रीम आज झोंबतंय.” साधे, सुगंध नसलेले, महिनोन्महिने वापरलेले मॉइश्चरायझर अचानक झोंबू लागले, तर त्वचेच्या वरच्या थरातील स्निग्धांशाची बांधणी बिघडली आहे असे समजण्यास हरकत नाही. क्रीम बदलून त्यावर उपाय होत नाही; काय काय लावणे थांबवायचे हे ठरवावे लागते.

तिने दोन्ही मास्क आणि तो फेसवॉश बंद केला, डॉक्टरांना विचारून जेल काही दिवस थांबवले, आणि सौम्य क्लीन्झर, सेरामाइडचे मॉइश्चरायझर, रात्री पापुद्र्यांवर व्हॅसलीनचा पातळ हात व दिवसा सनस्क्रीन एवढ्यावरच राहिली. झोंबणे आठवड्याभरात कमी झाले. लालसरपणा आणि पापुद्रे जायला मात्र महिना लागला. त्वचेचा सर्वांत वरचा थर नवा व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे दोन दिवस मास्क चुकवला आणि काही फरक पडला नाही, असे म्हणून पुन्हा सुरुवात करण्यात अर्थ नसतो. नंतर तिने जेल पुन्हा सुरू केले, पण माती आठवड्यातून एकदा, फक्त नाक व हनुवटीवर, आणि ज्या दिवशी माती त्या रात्री जेल नाही, असा नियम ठेवला. मास्क किती वेळा हे मोजताना फेसवॉश, जेल आणि स्क्रब हेही त्याच हिशेबात धरावे लागतात. मुरुमांचे औषध चालू असलेल्या माणसासाठी पाकिटावर छापलेले ‘आठवड्यातून दोन ते तीन वेळा’ हे वाक्य निरुपयोगी आहे.

शीट मास्कचा अतिरेक थोडा निराळा दिसतो. त्यात कोरडेपणापेक्षा कपाळावर एकसारख्या, खाजणाऱ्या बारीक पुटकुळ्या येतात, विशेषतः दमट हवेत, आणि त्या नेहमीच्या मुरुमांच्या औषधाने जात नाहीत. त्यामागे बुरशीजन्य कारण असू शकते, म्हणून तिथे घरगुती प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. याउलट, मास्क जिथे जिथे टेकला होता त्याच आकाराची लाली व खाज आली आणि डोळ्यांच्या व ओठांच्या छिद्रांपुरती त्वचा साफ राहिली, तर प्रश्न किती वेळा लावला हा नसून एखाद्या घटकाच्या अॅलर्जीचा असण्याची शक्यता जास्त. सुगंध आणि परिरक्षके हे त्यातले नेहमीचे संशयित. तसा मास्क महिन्यातून एकदाही वापरू नये.

माझ्यापुरती मी एक साधी चाचणी ठेवली आहे. मास्कच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा नुसत्या पाण्याने धुऊन वीस मिनिटे काही लावत नाही. या वेळेत गाल ओढल्यासारखे झाले किंवा नंतर मॉइश्चरायझर किंचितही चुणचुणले, तर पुढचा मास्क आठवडाभर पुढे जातो, मग घरात कोणाचे लग्न असो वा सण. लग्नाचा विषय निघालाच आहे तर, नवा मास्क पहिल्यांदा लावायचा असल्यास तो समारंभाच्या आदल्या रात्री नव्हे, तर किमान आठवडाभर आधी, आणि त्याच्याही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावा.