गिऱ्हाईक सुटलं कधी म्हणायचं? एकच रेघ, प्रकारानुसार रेघ की ज्याची त्याची रेघ

सांगलीच्या गणपती पेठेत माझ्या मावसभावाचं हळद, मिरची पूड आणि बेदाण्याचं घाऊक दुकान आहे. मी त्याच्या हिशेबाचं काम बघतो. गेल्या वर्षी सॉफ्टवेअर बदललं, तेव्हा त्यात एक तयार तक्ता मिळाला. शेवटच्या बिलाला 30 दिवसांपर्यंत झाले असतील तर गिऱ्हाईकापुढे Active, 31 ते 90 ला Lapsing आणि त्यापुढे Dormant. आम्ही त्याला आमची नावं दिली: चालू, निसटतं आणि झोपलेलं.

भावाने पहिल्याच दिवशी विचारलं, “हे तीस नि नव्वद काढले कुणी?”

कुणीच काढले नव्हते. सॉफ्टवेअरवाल्याने महिना आणि तिमाही धरून टाकून दिलेले आकडे. तेच ठेवायचे की बदलायचे, आणि बदलायचे तर कसे, यावर आमचे दोन रविवार गेले. तुम्हीही याच फाट्यावर उभे असाल तर तीन वाटा आहेत. सगळ्यांना दिवसांची एकच रेघ, गिऱ्हाईकाच्या प्रकारानुसार वेगळी पण ठरलेली रेघ, किंवा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या चालीवरून ज्याची त्याची रेघ.

1 डिसेंबरला आम्ही तीन खाती शेजारी शेजारी मांडली.

पहिलं विट्याचं किराणा दुकान. बिलं 11, 20 आणि 29 ऑक्टोबर, मग 5 नोव्हेंबर. म्हणजे नऊ दिवस, नऊ दिवस, सात दिवस, आणि त्यानंतर 26 दिवस चिडीचूप. दिवाळीचा भरलेला माल अंगावर असेल म्हणावं, तर दिवाळी होऊन गेल्यावरही त्याने दोनदा माल उचलला होता, आणि तुळशीची लग्नं उरकल्यावर मसाल्याची मागणी वाढते, कमी होत नाही. दुसरं मिरजेची खानावळ. ती वीस-पंचवीस दिवसांनी माल घेते, आणि शेवटच्या बिलाला 24 दिवस झालेले. तिसरा आष्ट्याचा लोणची-पापड करणारा बचत गट. शेवटचं बिल 15 एप्रिलचं, म्हणजे 230 दिवस झालेले.

तीस-नव्वदच्या रेघेने विट्याचं दुकान चालू, खानावळ चालू आणि बचत गट झोपलेला. तीनपैकी खानावळीचं तेवढं बरोबर. विट्याच्या दुकानाचे दोन फेरे चुकलेत, त्याच्या फळीवर बहुतेक दुसऱ्याचा माल लागलाय, आणि तक्ता सांगतोय सगळं आलबेल. उलट बचत गट दरवर्षी मार्च-एप्रिलमध्येच हळद घेतो, तो कुठेही गेलेला नाही. त्याला ‘परत या, पाच टक्के सूट’ असा मेसेज गेला तर मार्चमध्ये जो माल पुऱ्या भावाने गेला असता तो सवलतीत जाणार. झोपलेल्याला जागं करायच्या नादात स्वतःच्या खिशातले पैसे घालवायचे.

एकच रेघ वाईट असते असं मात्र नाही. सगळी गिऱ्हाइकं एकाच चालीची असतील, समजा घरोघरी दुधाचा रतीब आहे, तर ती पुरते आणि तीच ठेवावी. भावाकडे किराणा, खानावळी, केटरर आणि हंगामी उत्पादक असे चार प्रकार आहेत, म्हणून तिथे ती फसते.

म्हणून आम्ही प्रकारानुसार रेघ काढायला बसलो. आधी 160 किराणा दुकानं घेतली. प्रत्येकाच्या एका बिलापासून पुढच्या बिलापर्यंत किती दिवस, ते वर्षभराचं काढलं. निम्मी अंतरं 9 दिवसांच्या आत, शंभरातली नव्वद 16 दिवसांच्या आत. तेव्हा 18 दिवसांपुढे गप्प बसलेलं किराणा दुकान नेहमीचं वागत नाहीये, असं धरायला हरकत नव्हती. दुसरी रेघ अंदाजाने 45 वर ठेवली.

इथे एक खड्डा आहे आणि पहिल्या खेपेला मी त्यात पडलो. अंतर मोजायला पुढचं बिल लागतं. जो कायमचा गेला त्याचं शेवटचं अंतर या यादीत येतच नाही. शिवाय आठवड्याला दोनदा बिल करणारा एकटाच शंभर अंतरं घेऊन येतो, महिन्याने येणारा फक्त बारा. यादी आपोआप नियमित आणि टिकलेल्या लोकांकडे झुकते आणि आकडा असतो त्यापेक्षा गोड दिसतो. म्हणून अंतरावरून निघालेली रेघ कच्ची समजावी आणि मागच्या तारखेवर उभं राहून तपासावी.

तपासणी अशी. आम्ही 1 जूनला उभे आहोत असं धरलं, त्यापुढची बिलं झाकली आणि 160 दुकानांना दोन्ही रेघांनी नावं दिली. मग झाकण काढून 31 जुलैपर्यंत कोण परत आलं ते मोजलं. त्या दोन महिन्यांत कुणाला मुद्दाम फोन केलेले नव्हते, हे महत्त्वाचं. नाहीतर आपल्याच फोनने आलेलं गिऱ्हाईक रेघेच्या खात्यात जमा होतं.

तीस-नव्वदने 134 चालू, त्यातले 120 आले. निसटते 14, त्यातले 3 आले. झोपलेले 12, त्यातला एकही नाही. अठरा-पंचेचाळीसने 118 चालू, त्यातले 113 आले. निसटते 22, त्यातले 9 आले. झोपलेले 20, त्यातला एक.

कागदावर दोन्ही ठीकच दिसतात. फरक आहे तो 19 ते 30 दिवसांच्या पट्ट्यात. तिथे 16 दुकानं होती आणि त्यातली 7 परत आली. म्हणजे निम्म्याहून थोडी कमी. फोन करायला याहून चांगली यादी नाही, कारण गिऱ्हाईक पुरतं गेलेलंही नाही आणि पक्कं राहिलेलंही नाही. तीस दिवसांच्या रेघेने ही सोळाच्या सोळा दुकानं ‘चालू’मध्ये लपवली होती, आणि ‘निसटतं’ म्हणून जी दाखवली त्यांच्यातली चौदापैकी अकरा तोवर हातची गेलेली. रेघ चांगली की वाईट हे मी आता एवढ्यावरच ओळखतो: मधल्या गटातले साधारण निम्मे परत येतात का? फारच कमी येत असतील तर रेघ उशिरा पडतेय. जवळजवळ सगळेच येत असतील तर उगाच लवकर पडतेय, आणि सेल्समन फोन करून करून कंटाळणार.

तिसरी वाट, ज्याची त्याची रेघ, ऐकायला सगळ्यात शहाणी वाटते. गिऱ्हाईक सरासरी जितक्या दिवसांनी येतं त्याच्या दुप्पट झाले की निसटतं म्हणायचं. भावाला हीच हवी होती. मी एक खातं काढून दाखवलं, पलूसकडचं. बिलांमधली अंतरं 8, 11, 15, 21, 27 दिवस. आंधळ्यालाही दिसेल की माणूस हळूहळू दुसरीकडे सरकतोय. आता दुप्पटीचा नियम लावा. पहिल्या तीन अंतरांची सरासरी 11 च्या थोडी वर, दुप्पट 22 च्या पुढे, तो 21 व्या दिवशी आला. पुढची सरासरी पावणेचौदा, दुप्पट साडेसत्तावीस, तो 27 व्या दिवशी आला. गिऱ्हाईक जसजसं लांब जातं तशी रेघही त्याच्या मागोमाग लांब जाते आणि घंटा वाजतच नाही. ठरलेल्या 18 च्या रेघेने तो 21 च्या फेऱ्यालाच पकडला असता.

शिवाय सरासरी निघायला निदान पाच-सहा बिलं लागतात आणि नव्या गिऱ्हाइकाकडे ती नसतात. आणि सेल्समनला “याला 18 दिवस झाले” हे कळतं, “याचं गुणोत्तर 2.3 झालं” हे कळत नाही. कळलं तरी तो ऐकत नाही. ज्यांच्यावर दुकान उभं आहे अशी दहा-वीस खाती असतील तर ती मालकाने स्वतः डोळ्यांनी बघावीत, तिथे नियमच नको.

ठरलेली रेघ कुठलीही निवडा, एक्सेलमध्ये सूत्र सोपं आहे. Bills या शीटमध्ये A ला गिऱ्हाईकाचं नाव, C ला तारीख आणि D ला बिलाचा प्रकार आहे. पहिली ओळ B2 मध्ये टाकायची, ती दिवस काढते; दुसरी C2 मध्ये, ती नाव देते:

```
=TODAY()-MAXIFS(Bills!C:C,Bills!A:A,A2,Bills!D:D,"Sales")
=IF(B2<=18,"चालू",IF(B2<=45,"निसटतं","झोपलेलं"))
```

`"Sales"`ची अट विसरू नका. ती नसेल तर माल परत केल्याची क्रेडिट नोट हीच शेवटची तारीख ठरते आणि रागावून माल परत पाठवणारा ‘चालू’ दिसतो. दुसरं, एखाद्या गिऱ्हाइकाचं बिलच सापडलं नाही तर MAXIFS शून्य देतं, आणि दिवस येतात 46,000 च्या आसपास. असा आकडा दिसला की त्या खात्यात एकही बिल नसतं, किंवा तारखा मजकूर म्हणून उतरलेल्या असतात. आमच्याकडे कवठेमहांकाळची अख्खी लाईन त्यामुळे एका रात्रीत झोपली होती. आणि एकच बिल असलेल्यांना ‘नवं’ असं वेगळं नाव द्या. त्यांची चाल अजून माहीतच नसते.

ठरलेल्या रेघेची खरी मर्यादा वेगळीच आहे. दिवस मोजले जातात ते कॅलेंडरचे, धंद्याचे नव्हे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं आणि पेठ बंद पडली. तेव्हाच्या बिलांवर मी हीच रेघ लावून पाहिली, तर पाणी ओसरेपर्यंत निम्मी दुकानं ‘निसटती’ झालेली. त्यातलं कुणी सुटलं नव्हतं, आम्हीच बंद होतो. अशा वेळी रेघ हलवायची नाही, बंद दिवस वजा करायचे. रेघ हलवली की पाणी उतरल्यावर ती मागे घ्यायची कुणाला आठवत नाही.

शेवटी भावाने असं ठरवलं: किराण्याला 18 आणि 45, खानावळी नि केटररना 35 आणि 80, हंगामी उत्पादकांना 400 दिवसांची एकच रेघ, मधलं नावच नाही. जतच्या लाईनवर मात्र अडलं. तिकडे आमची गाडीच चौदा दिवसांनी जाते. एक फेरी चुकली की 28 दिवस होतात आणि 18 च्या रेघेने अख्खं जत निसटतं दिसतं, दोष आपल्या गाडीचा असताना. तिथल्या किराण्याला पहिली रेघ 32 केली, म्हणजे एक फेरी चुकली तरी चालेल, दुसरी चुकली की तिसरीच्या आत कळलं पाहिजे.

विट्याच्या दुकानदाराला त्याच दिवशी फोन लावला. “नाही ओ दादा, तुमचा माल चांगलाच आहे,” तो म्हणाला, “पण कोल्हापूरचा एक जण एकवीस दिवसांची उधारी देतोय.” दर तोच, उधारी तेवढी जास्त. भावाने त्याला पंधरा दिवसांची दिली.