ई-स्पोर्ट्स बेटिंग, काही महिने वापरल्यावर: भावापेक्षा कमाल रकमेचा चौकोन बघा

आधीच सांगतो, ही शिफारस नाही. साइट परदेशी परवान्याची होती, आपल्याकडे ती कधीच कायदेशीर नव्हती. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तेव्हा ई-स्पोर्ट्सला खेळ म्हणून मान्यता मिळाली, पण त्यावर पैसे लावणं बंदीतच राहिलं. हे सगळं त्याच्या आधीचं आहे. साइटचं नाव देत नाही. डिपॉझिट, बोनस, ॲपचा रंग वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते एका चौकोनाबद्दल.

भांडण पाचशे रुपयांवरून झालं. काउंटर-स्ट्राइक 2 हा पाच विरुद्ध पाच बंदुकांचा खेळ, युरोपातली दुसऱ्या फळीची ऑनलाइन लीग, तीनपैकी दोन मॅप, म्हणजे मैदानं, जिंकणारा विजयी. सकाळी पहिल्या संघाचा भाव 1.45 आणि दुसऱ्याचा 2.60. मी पहिल्यावर 500 लावले, जिंकलो तर हातात 725. संध्याकाळी सामन्याला अर्धा तास असताना ॲप उघडलं तर पहिला 1.90 वर आणि दुसरा 1.80 वर. म्हणजे आवडता संघच बदललेला. बातमी कुठेच नाही. बेट आधीच सोडून पैसे घ्यायचं कॅश-आऊटचं बटण 330 दाखवत होतं. एकही गोळी सुटायच्या आधी 170 रुपये गेले.

नागपुरात आमच्या त्रिमूर्तीनगरच्या गेमिंग कॅफेवाल्या भाऊला फोन केला. तो थंडपणे म्हणाला, "काहून बे, लाइनअप नाही पाहिला का? त्यायचा स्नायपरवाला पोट्टा आज नाही खेळून राहिला. दुसऱ्याले बसवलं." म्हटलं, तुले कसं समजलं? तर म्हणे डिस्कॉर्डवर दुपारपासून चालू होतं. काउंटर-स्ट्राइकच्या बातम्या-निकाल देणाऱ्या एचएलटीव्ही या साइटवर सामन्याच्या पानावर बदललेलं नाव आलं ते सुरू व्हायच्या जेमतेम वीस मिनिटं आधी.

मग सपोर्टशी चॅट. माझं म्हणणं साधं होतं: मी ज्या पाच जणांवर पैसे लावले, ते पाच जण खेळलेच नाहीत, तर बेट रद्द करा. उत्तर आलं, "पाच खेळाडूंनी सामना सुरू केला, त्यामुळे बेट वैध आहे. बेट संघाच्या नावावर असते." तेच वाक्य पुन्हा पुन्हा, फक्त खालचं नाव बदलायचं. स्वल्पविरामसुद्धा जागचा हलला नाही. पहिला मॅप माझ्या संघाने घालवला, दुसराही घालवला.

आता इथे माझं मत बदललं, म्हणून त्या रात्री लिहिलेला शिव्यांचा भाग काढून टाकलाय. नियम नीट वाचला तर तो चुकीचा नाही. खालच्या फळीत बदली खेळाडू ही रोजची गोष्ट आहे. कुणाचा व्हिसा अडकतो, कुणाचं नेट जातं, कुणाला मोठा संघ उचलून नेतो. प्रत्येक वेळी बेट रद्द केली तर कुठलाच बाजार चालणार नाही. शिवाय हरायची लक्षणं दिसली की एकाला आजारी पाडून सगळ्यांचे पैसे परत मिळवायची वाट उघडेल. नियम ठीक आहे. गडबड आहे ती संघाच्या नावात.

ॲपवर दोन संघांच्या मागच्या लढतींचा तक्ता असतो. तो नावाचा तक्ता आहे, माणसांचा नाही. 2016 मध्ये ब्राझीलच्या पाच पोरांनी एप्रिलमध्ये ल्युमिनॉसिटी या नावाने कोलंबसची मेजर, म्हणजे काउंटर-स्ट्राइकची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकली आणि जुलैत कोलोनची स्पर्धा जिंकली ती एसके गेमिंगच्या जर्सीत. पाच जण तेच, नाव वेगळं. नावावरून भाव काढणाऱ्याला जुलैतल्या ल्युमिनॉसिटीचा इतिहास मेजर-विजेत्याचा दिसला असता आणि मैदानात मात्र भलतेच लोक असते. क्रिकेटमध्ये अकरातला एक बदलला तर दहा उरतात. इथे पाचातला एक जातो, आणि तो स्नायपर किंवा डाव आखणारा कप्तान असेल तर जुना संघ उरतच नाही.

नवा माणूस नेमबाजीत कमी असतो असं नाही. खरा प्रश्न मॅपचा असतो. सात मॅपच्या यादीतून दोन्ही संघ आळीपाळीने काढत-निवडत जातात. प्रत्येक मॅपवर धुराचा बॉम्ब कुठून टाकायचा, कुणी कुठला कोपरा धरायचा, हे महिनोन्महिने घोटलेलं असतं. नवख्याला ते दोन-तीन मॅपपुरतंच येतं. मग संघ आपला आवडता मॅप सोडून सगळ्यांना जमेल असा साधा मॅप घेतो. त्या दिवशी तेच झालं. ज्या मॅपच्या आकड्यांवर सकाळचा 1.45 उभा होता, तो त्यांनी निवडलाच नाही.

आता तो चौकोन. रक्कम टाकायच्या जागेखाली बारीक अक्षरांत "कमाल" लिहिलेलं असतं. सकाळी त्याच सामन्याला कमाल 2,400 होती. संध्याकाळी भाव फिरल्यावर मी दुसऱ्या संघावर 500 टाकून पाहिले, तर लाल अक्षरांत: कमाल 180. हँडिकॅप, म्हणजे किती फरकाने जिंकणार, आणि एकूण राउंड किती होणार, हे पर्यायही गायब झालेले. उघडा होता फक्त विजेत्याचा. त्याच ॲपवर आयपीएलच्या सामन्याला लाखाच्या वर आकडा चालायचा.

मला ही कंजुषी वाटली. म्हणजे हरायला दोन हजार चालतात आणि सावरायला एकशे ऐंशी! पण नंतर रोज तो आकडा बघायची सवय लागली आणि वाटायला लागलं की अख्ख्या ॲपमध्ये हा एकच आकडा खरं बोलतो. भाव म्हणजे खायवाडी करणाऱ्याचा अंदाज. कमाल रक्कम म्हणजे त्या अंदाजावर तो स्वतःचे किती पैसे ठेवायला तयार आहे ते. 180 म्हणजे तो सांगतोय, मला पण माहीत नाही बाबा.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या ढिगाभोवती वीस व्यापारी उभे असले की निघालेल्या भावाला अर्थ असतो, एकच उभा असला तर तो म्हणेल तो भाव. छोट्या ई-स्पोर्ट्स सामन्यांत हीच अडचण आहे. लावणारे मोजके, त्यामुळे चुकलेला भाव ओढून सरळ करायला पैसाच येत नाही. आणि जो येतो, तो बहुतेक आतली खबर असलेल्याचा. मग भाव हळूहळू सरकत नाही, धाडकन पडतो. शिवाय अज्ञानाचा खर्च ते आपल्याकडूनच घेतात. सकाळचे दोन भाव टक्क्यांत मांडा: 1.45 म्हणजे 69, 2.60 म्हणजे 38.5. बेरीज शंभर हवी, ती 107 च्या वर जाते. संध्याकाळच्या भावांची 108. जितका बाजार पातळ तितकी वरची मलई जाड. मी भाजीवाल्याकडे कोथिंबिरीसाठी हुज्जत घालणारा माणूस, मला हे जास्त झोंबलं.

एक दुरुस्ती मात्र करावी लागली. कॅफेवाल्या भाऊच्या खात्यावर एका सामन्याला कमाल 1,100 दिसत होती आणि माझ्या खात्यावर 300. म्हणजे आकडा सामन्याचाच नाही, माणसाचाही असतो. भाव पडायच्या आधी लावून बऱ्याचदा जिंकणाऱ्याची मर्यादा हे लोक गुपचूप छाटतात. ओळखायचं कसं? त्याच दिवशी मोठ्या स्पर्धेच्या सामन्यावर आपली कमाल बघायची. ती नेहमीएवढी असेल आणि या एकाच सामन्याची पडली असेल तर गडबड सामन्यात. सगळीकडेच पडली असेल तर खात्यावर कात्री चालली आहे. माझ्यावर चाललेली होती. जिंकणारा म्हणून नाही, सतत भांडणारा म्हणून असावी असा माझा दाट संशय.

आतल्या खबरीचं म्हणाल तर ती लहान पैशांसाठीच विकली जाते. जून 2013 मध्ये डोटा 2 या दुसऱ्या ई-स्पोर्ट्स खेळाच्या एका रशियन खेळाडूने स्वतःच्या संघाच्या विरुद्ध 100 डॉलर लावले, भाव 3.22. मिळणार होते 322 डॉलर. डोटाच्या चाहत्यांत 322 हा आकडा आजही मुद्दाम हरण्याला म्हणतात. खेळाडूचा पगार तुटपुंजा असतो तिथे तीनशे डॉलरही मोह घालतात, आणि पहिल्या फेरीचा कुणी न बघणारा सामना त्याला सोयीचा पडतो.

आणि आकडेवारी? ऑक्टोबर 2018 मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या काउंटर-स्ट्राइक संघाचा एक खेळाडू सामन्याच्या मधेच नेम धरून देणाऱ्या सॉफ्टवेअरसह पकडला गेला. फाइलचं नाव `word.exe`. संघ बाद झाला आणि पुढे मोडलाच. त्या खेळाडूच्या मागच्या सरासरीवर कुणी हिशोब मांडला असेल, तर तो माणसाचा मांडला की फाइलचा? सरावाच्या सामन्यांचे फुटलेले निकाल तर त्याहून वाईट. सरावात संघ डाव लपवतात, मुद्दाम वेडावाकडा खेळ करतात, आणि तेच निकाल टेलिग्रामवर "अंदर की खबर" म्हणून विकले जातात. असं एक चॅनेल मी महिनाभर फुकट पाहिलं. हरलेल्या टिपा सकाळपर्यंत पुसलेल्या असायच्या.

लाइव्ह बेटिंगबद्दल एवढंच: आपल्याला दिसणारं प्रक्षेपण मागे असतं, त्यांच्याकडे सर्व्हरचा डेटा थेट येतो. बेट दाबल्यावर ते काही सेकंद फिरवत ठेवतात. तेवढ्यात आपल्या बाजूचं काही घडलं तर "भाव बदलला" म्हणून परत, विरुद्ध घडलं तर झटकन मंजूर.

पाचपैकी दीड देतो. अर्धा ॲप पटकन उघडतं म्हणून, एक कमाल रकमेचा आकडा लपवत नाहीत म्हणून. खात्यात उरलेले 212 रुपये काढता आले नाहीत, कारण काढायची किमान मर्यादा 500 होती. कमाल 180 आणि किमान 500, दोन्ही नियम एकाच ऑफिसात बसून कुणी केले असतील, त्याला एकदा भेटायचंय.