गाडी एक लाखाच्या वर गेली म्हणून 18 टक्के? माझे 7,168 रुपये असे गेले

अंगठाबहाद्दर नाही मी. गावच्या सोसायटीचा हिशोब दरवर्षी माझ्याच नजरेखालून जातो. तरी एका सबडीलरनं मला रोड टॅक्सात गंडवलं. लिहायला लाज वाटते, पण दिवाळीनंतर कापसाचे पैसे हातात आले की आपल्याकडं निम्मं गाव गाडी घ्यायला निघतं, म्हणून लिहितो.

125 सीसीची गाडी घेतली, एक्स-शोरूम 1,02,400. टॅक्स किती विचारलं तर पोरानं काउंटरवरचा लॅमिनेशन केलेला तक्ता पुढं सरकवला. 50 हजारांपर्यंत 10 टक्के, एक लाखापर्यंत 12, त्यावर 18. म्हणजे 18,432 रुपये. वरून हळहळला, "भाऊ, चोवीसशेनं वर गेली ना गाडी, नायतं बारातच भागलं असतं तुमचं." मीही हळहळलो! लुटणाऱ्यासोबत बसून चहा घेतला आणि नशिबाला बोल लावला.

तिथंच डोळे उघडायला हवे होते. तक्त्याची वरची ओळ कात्रीनं तिरपी कापलेली होती आणि जिलबीसारख्या गोल अक्षरांची खालची अर्धी वळणं तेवढी शिल्लक होती. मला दिसली. आमच्याकडं तेलंगणाच्या सीमेमुळं अशी अक्षरं ट्रकवर रोजच दिसतात, त्यामुळं मनात काही आलं नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तक्त्यात सीसीचा शब्दच नव्हता. आपल्या महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी टॅक्स किमतीच्या टप्प्यावर नाही, इंजिनावर ठरतो: 99 सीसीपर्यंत 10 टक्के, 100 ते 299 ला 11, त्यावर 12. गाडी लाखाची असो की दीड लाखाची, 125 सीसीला 11च. किमतीचे टप्पे आपल्याकडं कारला आहेत (पेट्रोल कारला दहा लाखांपर्यंत 11, वीसपर्यंत 12, पुढं 13), आणि सरपंचाच्या कारच्या वेळी तेच ऐकलेलं, म्हणून दुचाकीलाही खरं वाटलं. आता बोला.

विमा, नोंदणी धरून 1,29,000 रोख मोजले. पक्कं बिल फक्त 1,02,400 चं, बाकीचं कच्च्या चिठ्ठीवर. कच्ची चिठ्ठी दिसली की उठून या.

वीस दिवसांनी नंबर प्लेट लावायला गेलो तेव्हा फाइल हातात आली. त्यात आरटीओची पावती, टॅक्सच्या ओळीत 11,264. रस्ता सुरक्षा उपकर वेगळा, पण तो किरकोळ. आधी वाटलं छपाईची चूक असेल. घरी येऊन बंगळुरूच्या भाच्याला फोन केला, तर तो हसायलाच लागला. "मामा, हा तर आमच्या कर्नाटकचा तक्ता!" हसू नको म्हटलं, सात हजार एकशे अडुसष्ट गेले माझे.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर काउंटरवर तक्ता नाही. पोरगा म्हणाला, "कोणता तक्ता? ते हँडलिंग चार्जेस होते." मोठ्या डीलरला फोन लावला तर "तो आमचा अधिकृत माणूस नाही." मग बिलावर शिक्का कोणाचा आहे?

मग आरटीओ. एसटीनं साठ किलोमीटर, पहिल्या दिवशी साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद, तिसऱ्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी पावती उलटसुलट पाहिली. "आम्हाला टॅक्स बरोबर मिळाला. तुम्ही डीलरला जास्त दिले, त्याला आम्ही काय करणार?" बरोबरच आहे, सरकारचं काही गेलंच नाही! अर्ज आवकमध्ये द्या म्हणाल्या, पण आवक लिहिणारा जेवायला गेला होता आणि चारपर्यंत आलाच नाही. ठाण्यात हवालदार म्हणे, "व्यवहाराचा मामला आहे, समजुतीनं घ्या." तीन खेपांत तिकीट, चहा आणि बुडालेली मजुरी धरून 1,400 गेले ते वेगळेच.

त्या 1915 ग्राहक हेल्पलाइनवर मात्र तक्रार घेतली आणि नंबर दिला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हेही आता कळलं. पण कच्ची चिठ्ठी फेकू नका, पुरावा तीच आहे. माझी पत्नीनं डब्यात ठेवली होती म्हणून वाचली. गाडी घेताना आधी सीसी विचारा, कॅल्क्युलेटर स्वतःच्या हातात घ्या, एक्स-शोरूमवर टक्के काढा. विमा-सीटकव्हर मिळवून आलेल्या बेरजेवर टॅक्स लावत असतील तर तिथंच बोला. आणि टॅक्सची पावती हातात पडेपर्यंत शेवटचे दहा हजार देऊ नका. मी दिले.

काल दुकानदाराचा निरोप आला, दोन हजार घ्या आणि तक्रार मागं घ्या. पत्नी म्हणते घ्या. मी आयोगाच्या अर्जाच्या झेरॉक्स काढायला चाललोय.